उंदराचं औषध, बैलाचं औषध

समजा, ऑगस्टच्या संध्याकाळी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात घाटंजीकडच्या एका माणसाला आणलं आहे. घाम फुटलाय, तोंडाला लाळ येतेय. नवा, पुण्याकडून आलेला डॉक्टर सोबतच्या भावाला विचारतो, “औषध घेतलं का यांनी?” भाऊ म्हणतो, “हो जी, घेतलं ना. सकाळीच घेतलं, कृषी केंद्रातून.”

प्रश्न नीट मराठीत होता, उत्तरही. तरी दोघांच्या डोक्यात दोन वेगळी वाक्यं आहेत. डॉक्टरला विचारायचं होतं की घरी काही गोळी-काढा दिला का. भावाने ‘घेतलं’चा अर्थ ‘विकत घेतलं’ असा लावला. आणि मागे उभ्या असलेल्या परिचारिकेला तिसराच अर्थ ऐकू आला, जो ऐकून तिच्या छातीत धस्स झालं. कारण या भागात ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य दबक्या आवाजात आलं, तर त्यात जीव द्यायचा प्रयत्न असतो.

एकाच शब्दाचे अनेक अर्थ असले तर त्यातला हवा तो निवडायचा कसा, हा प्रश्न संस्कृत शास्त्रकारांनी सैंधवावर सोडवला. सैंधव म्हणजे सिंधुदेशचं मीठही आणि तिकडचा घोडाही. जेवायला बसलेला मालक ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. उदाहरण झकास आहे, पण फार सोपं आहे. ताटाशेजारी घोडा आणणारा नोकर गोष्टीतसुद्धा भेटत नाही. खरी अडचण तिथे असते जिथे दोन्ही अर्थ एकाच घरात, एकाच कोनाड्यात, एकाच माणसाच्या हाती असतात. यवतमाळच्या कापूसपट्ट्यात ‘औषध’ हा शब्द तसा आहे.

त्याचा कारभार बघा. उंदराचं औषध उंदराला मारतं. बैलाचं औषध बैलाला वाचवतं. दोन्हीकडे तोच ‘चं’, तोच शब्द, तीच बांधणी. ‘सर्दीचं औषध’ म्हटलं की सर्दी घालवायची, ‘पोराचं औषध’ म्हटलं की पोर बरं करायचं. उवांचं औषध पोरीच्या डोक्याला लावायचं, पण मारायचं उवांना. जंताचं औषध पोरानेच प्यायचं, मरायचं मात्र जंतांनी. अळीचं औषध पऱ्हाटीवर मारायचं आणि कुणीच प्यायचं नाही. मराठी माणूस यात कधी चुकत नाही. व्याकरण तर काहीच सांगत नाही, मग तो ठरवतो कशावरून? हे कुणासाठी, काय वाचवायला आणलं आहे यावरून. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थनिर्णयाच्या खुणांची एक यादी दिली आहे. तिच्यात ‘अर्थ’ ही एक खूण आहे आणि तिथे तिचा आशय प्रयोजन असा आहे. उंदीर वाचावा असं कुणाला वाटत नाही, बैल मरावा असंही नाही. शब्दकोशात नसलेली ही गोष्ट आपण शब्दाच्या मागे न बोलता ठेवलेली असते.

प्रयोजनाच्या आधी मात्र आपण एक स्वस्त उपाय करतो. शेजारचं क्रियापद बघतो. 1949 साली अमेरिकेतले गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी यंत्राने भाषांतर कसं करता येईल यावर एक टिपण लिहिलं. त्यात त्यांनी कल्पना मांडली की अपारदर्शक कागदाला एकच शब्द दिसेल एवढं भोक पाडून पुस्तक वाचलं तर त्या शब्दाचा अर्थ कळणार नाही. पण भोक दोन्ही बाजूंनी थोडं थोडं रुंद केलं, तर केव्हातरी अर्थ पक्का होईल. आपणही करून पाहू. भोकातून नुसतं ‘औषध’ दिसतं. काही कळत नाही. एक शब्द उजवीकडे रुंद केलं, ‘औषध मारलं’. झालं, फवारणी. ‘औषध लागू पडलं’, झालं, दवाखाना. ‘पंपात औषध टाकलं’, पुन्हा शेत. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

‘घेतलं’पाशी मात्र भोक एका शब्दाने रुंद करून पुरत नाही, कारण ‘घेणं’ स्वतःच विकत घेणं आणि पोटात घेणं असं दुहेरी आहे. दोन दुहेरी शब्द शेजारी बसले की एकमेकांना आधार देत नाहीत, दोघेही डगमगतात. वर्तमानपत्रांनी यावर आपला एक तोडगा काढला आहे. ते ‘विषारी औषध प्राशन केले’ असं लिहितात. जुन्या अर्थाने पाहिलं तर हा वदतोव्याघात आहे, विषारी ते औषध कसलं? पण बातमी लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की विशेषण काढलं तर वाचक गोंधळेल. मला तरी हा शब्दप्रयोग ओंगळ वाटत नाही. गरजेपोटी पडलेली ती गाठ आहे.

संगणकाला अर्थ निवडायला शिकवणाऱ्यांनी 1990च्या दशकात एक नियम सांगितला होता: एका संभाषणात एक शब्द बहुधा एकाच अर्थाने येतो. बहुधा. आमच्याकडे हा नियम एका वाक्यात मोडतो: “औषध मारून आला, गरगरायला लागलं म्हणून औषध घेतलं, तरी उलट्या थांबेनात.” पहिलं औषध दुखण्याचं कारण, दुसरं त्यावरचा उपाय. ‘म्हणून’ हा छोटा शब्द दोघांमध्ये उभा राहून वाट दाखवतो. तो काढा आणि वाक्य पुन्हा वाचा: “औषध मारून आला, गरगरायला लागलं, औषध घेतलं.” आता तिसरा अर्थही शिरायला जागा झाली.

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यातले काही दगावले. ते कुणी औषध प्यायले नव्हते. दाट वाढलेल्या पऱ्हाटीतून पाठीवर पंप घेऊन चालताना औषध कातडीतून आणि श्वासातून आत गेलं होतं. अशा वेळी ‘औषध घेतलं का?’ला ‘नाही’ हे उत्तर खरं असतं आणि तरीही दिशाभूल करतं. डॉक्टरला कळायला हवं असतं की विष शरीरात गेलं का, कोणतं आणि कोणत्या वाटेने.

तिथे शब्द संपतात आणि शरीर बोलू लागतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, छातीत कफ घरघरतो. त्यावर अ‍ॅट्रोपिन द्यायचं आणि छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं. तणनाशक असेल तर चित्र वेगळं आणि उपचारही वेगळा. घरचे मात्र दोन्हींना औषधच म्हणतात. फार तर ‘तणाचं’ किंवा ‘अळीचं’ एवढं पुढे लावतात, आणि तेच पुढचं तीन अक्षरी नाव डॉक्टरसाठी सोन्याचं असतं.

म्हणून जुनी परिचारिका ‘घेतलं का’ असं विचारतच नाही. ती विचारते, “भाऊ, आज वावरात काय मारलं? तणाचं का अळीचं? डबा आणला का सोबत?” एका क्रियापदाच्या अदलाबदलीने ती अर्ध्या शक्यता बाजूला सारते आणि उरलेल्या डब्यावर सोपवते. डब्यावर तिरप्या चौकोनात विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो आणि आतल्या रसायनाचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. भाऊ पिशवीतून डबा काढतो. झाकणावर चिखल आहे. परिचारिका पदराने तो पुसते आणि नाव वाचायला डबा उजेडाकडे धरते.