संततीतील न्याय आणि गरज

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांना वडिलांनी एक देणगी दिली व प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार होण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी विचारले; उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्ष देण्यास नकार दिला.

आता खोपोलीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. मुलाला अक्षरे जुळवताना अडचण येते. तपासणी व दाखल्यासाठी अम्मी त्याला घेऊन कर्जतमार्गे लोकलने मुंबईच्या रुग्णालयात खेपा घालते, त्याच्या विशेष शिकवणीवर पैसा जातो, आणि चौदा वर्षांची बहीण घर सांभाळते. हा अन्याय आहे काय?

फिकहशास्त्र येथे नफका आणि हिबा यांत भेद करते. नफका गरजेनुसार असतो. आजारी मुलाचे औषध कोणी निरोगी मुलांत वाटत नाही. तपासणी व शिकवणी त्यातच मोडतात. इमाम इब्ने कुदामा यांनी तर आजार वा अंधत्वासारख्या गरजेपोटी हिब्यातही अधिक देणे योग्य मानले. परंतु उत्तीर्ण झाल्याबद्दल मिळालेली सायकल गरज नव्हे. तेथे बहिणीचा हक्क उभा राहतो.

तिचा रोष मात्र बहुधा पैशाचा नसतोच. त्याच्या चाळीस गुणांवर मिठाई वाटली जाते, तिच्या ऐंशींकडे कोणी पाहत नाही. हजरत याकूब (अलै.) यांच्या मुलांचीही तक्रार प्रेमाविषयीच होती. भाऊ आळशी नाही, त्याला परीक्षेत अधिक वेळ का मिळतो, हे तिला अब्बूंनी स्वतः सांगावे; आणि त्याचा गृहपाठ रोज तिच्याच माथी मारू नये.