आधीचं वाक्य

शलाका बारावीत होती. तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेला विषय आला : ‘सभागृहाचे मत आहे की, लोकशाहीत रस्त्यावरचे आंदोलन अपरिहार्य आहे.’ तिला प्रतिकूल बाजू मिळाली. तिने मसुदा लिहिला आणि बाईंसमोर म्हणून दाखवला. आधी एक शेर, मग लिंकन, मग बाबासाहेब. विषयाला हात घातला तेव्हा घड्याळात सव्वा मिनिट गेलं होतं आणि एकूण वेळ होता पाच मिनिटं.

बाईंनी शेर आणि लिंकन खोडले. “तिघांना बोलावलंस, पण बसवलं कुणालाच नाहीस. बाबासाहेब ठेव. हे वाक्य कुठलं?”

“मोबाइलवर आलं होतं बाई, फोटोसकट.”

आपल्याकडे निम्म्या भाषणांची सुरुवात अशीच होते. फोटो खरा, सही खरी, वाक्य मात्र कुणी कुठून तोडलं त्याचा पत्ता नाही. बाईंनी तिला ग्रंथालयात पाठवलं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा तेरावा खंड कपाटात होता आणि त्यात संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण होतं. सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग आता सोडले पाहिजेत, ते म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं बाबासाहेब तिथे खरोखरच म्हणाले होते. शलाका खूश झाली. मग तिने आधीचं वाक्य वाचलं आणि तिचा चेहरा पडला. संवैधानिक मार्ग उरलेच नव्हते तेव्हा असंवैधानिक मार्गांना पुष्कळ समर्थन होतं, असंही त्याच माणसाने त्याच दमात सांगितलं होतं.

“हे समोरच्याने काढलं तर मी संपले. दुसरा कोट घेऊ?”

“का? तो काढणार आहे ते तूच काढ.”

दोन संध्याकाळी सुरुवातीच्या दहा वाक्यांवर गेल्या. शेवटी सुरुवात अशी झाली :

“२५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांगतात की संवैधानिक मार्ग खुले असताना इतर मार्गांचं समर्थन होऊ शकत नाही. ते मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. अध्यक्ष महोदय, हाच माणूस १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रहाला उभा होता. मग मत बदललं का? नाही. त्या वाक्यात एक अट आहे : मार्ग खुले असताना. तेव्हा ते बंद होते. आज ते खुले आहेत का, एवढाच आपला वाद आहे. आणि ते खुले आहेत, हे मी दाखवणार आहे.”

घड्याळ लावलं, तर चाळीस सेकंदांच्या आत बसलं. अवतरण एकच होतं, पण त्यातून बाजू ठरली, प्रतिपक्षाचा हुकमी पत्ता आधीच उघडा पडला आणि पुढच्या चार मिनिटांत काय सिद्ध करायचं तेही ठरलं. कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, मताचा अधिकार सर्वांना आहे, हे तिचे मुद्दे आता त्या अटीलाच येऊन जोडले गेले.

स्पर्धेच्या दिवशी तिच्या आधी बोललेल्या एका मुलाने चार थोरांची वाक्यं म्हटली. परीक्षकांनी प्रश्नोत्तरांत विचारलं, यातलं पहिलं वाक्य त्यांनी कुठे म्हटलंय? तो म्हणाला, “प्रसिद्ध आहे सर.” सभागृह हसलं.

शलाकाची सुरुवात ऐकून सभागृह शांत झालं. पण खंडनाला उठलेला मुलगा तयारीचा होता. तो म्हणाला, “महाडला मार्ग बंद होता, हे कोणी सांगितलं? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. कागदावर मार्ग खुला होता, ओंजळीत पाणी मात्र येत नव्हतं. म्हणून तर चालत जावं लागलं!” टाळ्या पडल्या. शलाकाने उत्तर दिलं की तो नुसता ठराव होता. त्यामागे ना सतरावं कलम होतं, ना त्या माणसांच्या हाती मत. उत्तर चांगलं होतं, पण पुरेसं नव्हतं.

त्या मुलाला पहिला क्रमांक मिळाला, तिला दुसरा. परीक्षक म्हणाले, “आज खरा वाद दोघांतच झाला, कारण हिने पहिल्या मिनिटात वादाची जागा दाखवली आणि ह्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. बाकीच्यांच्या अवतरणांना उत्तर देण्याची कुणाला गरजच वाटली नाही.”

त्या कॉलेजात आता मसुद्यातल्या अवतरणाखाली त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य लिहून आणावं लागतं. नसेल तर बाई मसुदा वाचायला घेत नाहीत.