आत्याचा घास

माझी आत्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून, म्हणजे साठाहून अधिक वर्षे, तिने मासा-मटण तोंडी घातलेले नाही. तिचा नातू ओसाकात नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाने 2025 च्या एप्रिलमध्ये मी तिला घेऊन जपानला गेलो. नातू कामावर जाई, आणि दिवसभर आत्या, मी व माझ्या खिशातला दुभाषी फोन असे तिघे हिंडत असू. या तिसऱ्यावर माझा फार भरवसा बसला होता.

क्योतोच्या एका गल्लीत आम्ही उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, लहानशा दुकानात शिरलो. भिंतीवर कुंचल्याने उभ्या ओळींत लिहिलेल्या पट्ट्या टांगल्या होत्या. मी ऐटीत कॅमेरा रोखला. हे यंत्र आधी अक्षरे ओळखते आणि मग ओळखलेल्याचे भाषांतर करते. पहिल्या पायरीवर ठेच लागली की दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. छापील अक्षरांत ते सहसा फसत नाही, हाताच्या लिखाणात मात्र अंदाज बांधते. तो अंदाज ओळखायची खूणही आहे: हात जरासा हलला की पडद्यावरचे शब्द बदलतात. एकाच पट्टीवर मला तीन वेळा तीन निरनिराळे पदार्थ दिसले.

एक पट्टी मात्र स्थिर राहिली. ‘कोल्हा उदोन’! आत्या दचकली, मी हसलो. कोल्ह्याला तळलेला टोफू आवडतो अशी तिकडची लोकसमजूत, म्हणून टोफू घातलेल्या उदोनला हे नाव, एवढे मी आधीच वाचले होते. असली चूक बिचारी स्वतःच ओरडून आपल्याला सावध करते. तिने कोणाचे काही बिघडत नाही.

मग मी संभाषणाचे बटण दाबले. “आम्ही शाकाहारी आहोत. हे खाता येईल ना?” मालकीणबाई प्रसन्न हसून म्हणाल्या, “दाइजोबु देस्.” फोन मराठीत म्हणाला, “ठीक आहे.” आणि मी आत्याला म्हणालो, “खा आत्या, यात काही नाही.” तिने वाडगा तोंडाला लावला.

रात्री नातवाने सहज विचारले, “रस्सा कशाचा होता?” माझ्या पोटात धस्स झाले. उदोनचा रस्सा म्हणजे दाशी. आणि त्या दाशीत बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाचा कीस, उकळलेला असतो. पट्टीवर त्याचा उल्लेख नसतो. आपण तरी आमटीच्या नावात मीठ कुठे लिहितो? जे लिहिलेलेच नाही, ते कॅमेरा वाचणार कसे?

रात्रभर मी गुन्हेगार शोधत होतो. बाई खोटे बोलल्या नाहीत. शाकाहारी म्हणजे मांसाचे तुकडे न खाणारा, अशी तिथल्या अनेकांची समजूत. रस्सा त्यांच्या हिशेबी येत नाही. फोननेही शब्दाला शब्द बरोबर दिला. उलट भाषांतर करून पडताळले असते तरी ‘शाकाहारी’च परत आले असते आणि मी अधिकच निश्चिंत झालो असतो. बरे, ‘दाइजोबु’ हा शब्दही मोठा लबाड. कधी ‘चालेल’, तर कधी चक्क ‘नको’. पण फोनने ‘ठीक आहे’ एवढेच म्हटले होते. ‘यात काही नाही’ ही हमी कोणी दिली? ती माझी होती, आणि ती मी आत्याच्या साठ वर्षांवर दिली होती.

नातू म्हणाला, “नकळत घडलं, आता सांगून काय उपयोग?” मला ते पटले नाही, न सांगितले असते तर ते नकळत राहिले नसते. सकाळी सांगितले. आत्या माळेवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसली.

“विचारलं कोणी? तू का यंत्रानं?”

“मीच.”

“मग नीट विचारावं, बाबा.”

त्या दिवशी एकादशी नसताना तिने उपास केला.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात मी प्रश्नच बदलला. लहान, पुरी वाक्ये केली. ‘आम्हाला मासे चालत नाहीत’ असे म्हणायचे कटाक्षाने टाळले. यंत्राने ते चालणे पायांचे धरले तर काय घ्या! बोलून होताच फोनने माझे मराठी नीट ऐकले आहे ना, ती ओळ आधी वाचली, कारण ऐकण्यातली चूक पुढे भाषांतरात बेमालूम मिसळून जाते. आणि विचारले, “हा रस्सा कशापासून करता?” या प्रश्नाला ‘दाइजोबु’ म्हणून सुटता येत नाही. बाई आत जाऊन एक छापील पाकीट घेऊन आल्या. कॅमेऱ्याने क्षणात वाचले: कात्सुओ. मी आत्याकडे आणि तिच्या माळेकडे बोट दाखवले. बाईंनी पाकिटाकडे पाहिले आणि दोन्ही हातांची फुली केली. तिचे भाषांतर लागले नाही.

थोड्या वेळाने त्यांनी नुसत्या गरम भाताचा वाडगा आणून ठेवला. आत्याने पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली. बाई ती वाकून पाहू लागल्या आणि काहीतरी विचारू लागल्या. मी फोन उचलणार, तोच आत्याने चिमूटभर मेतकूट त्यांच्या तळहातावर ठेवले. मी घाईघाईने बटण दाबून, त्यात काय काय असते ते एकेक धान्य सांगायला सुरुवात केली.