आधी त्याच्या गुडघ्याला हात लाव

ती शिट्टी खाली ठेव. आणि हात मागे बांधून उभा राहू नकोस. शाळेतही चूक पकडली गेली की असाच उभा राहायचास, मला आठवतंय.

काल संध्याकाळी पोलादपुरात तुझ्या मंडळाचा सराव मी बांधावर बसून पाहिला. भात कापून झालेलं खाचर, धसकटं तुडवून केलेलं मैदान, खालची माती दगडासारखी. आठवीतला तो पोरगा चढाई करून परत येताना उजवा पाय अंग चोरून टेकत होता. तू काय म्हणालास? "नाटकं करतो." आणि त्याला पन्नास उठाबशा. तिसाव्या उठाबशीनंतर तो दोन्ही हातांनी मांड्या दाबत उठत होता. मी मोजत होते. तू मोबाइल बघत होतास.

इकडे ये. त्याला बाकावर बसव, पाय लोंबते सोड. गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेव आणि सरळ खाली ये. दोन-तीन बोटं खाली, नडगी सुरू होते तिथे हाडाचा उंचवटा लागेल. हळू दाब. बघ, कसा पाय आखडून घेतला. आता डाव्या पायाला तोच उंचवटा दाब. काही नाही. आता त्याला पाय सरळ करायला सांग आणि घोट्याशी धरून तू अडव. परत तिथेच कळ. सांधा सुजलेला नाही, गुडघा पुरता वाकतो. आता त्याला पालथं झोपव, टाच कुल्ल्याकडे ने. वीतभर अंतर राहतं, दिसलं? मांडीचा पुढचा स्नायू असा ताठलाय. एवढं बघायला एक मिनिट लागलं. हा तीन महिने लंगडतोय.

याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लॅटर, दोघांनी 1903 मध्ये स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, तुला नवी असली तरी. डॉक्टर लोक या जातीच्या दुखण्याला ट्रॅक्शन अपोफायसायटिस म्हणतात. नाव घाबरवणारं आहे, पण गुरं राखलेल्या माणसाला मी ते दोन वाक्यांत समजावीन. मांडीचा तो मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन एका जाड दोरानं नडगीच्या त्या उंचवट्याला बांधलेला असतो. मोठ्या माणसात तो उंचवटा नडगीशी एकजीव झालेलं हाड असतं. या वयात मात्र तो वेगळा तुकडा असतो आणि नडगीला कूर्चेच्या थरानं, म्हणजे वाढणाऱ्या कच्च्या हाडानं, चिकटलेला असतो.

तुझ्या आजोबांनी पावसाळ्यात ओल्या जमिनीत खुंटा ठोकून बैल बांधला असेल. बैलानं ओढ घेतली की दावं तुटतं का? नाही. खुंटा हलतो. दावं मजबूत, जमीन मऊ. याच्या गुडघ्यात तेच चाललंय. दोर पक्का आहे, कच्ची जागा खुंट्याच्या बुडाशी आहे. प्रत्येक उडी, प्रत्येक खाली बसणं, प्रत्येक एकदम थांबणं म्हणजे एक हिसका. एका हिसक्यानं काही होत नाही. हजारो हिसके बसले की तिथे बारीक बारीक इजा होते, हाड ती भरून काढायला जातं आणि भरताना जास्तीचं हाड टाकतं. म्हणून ते टेंगूळ. त्याचे वडील म्हणतात हाड वाढलं. वाढलं नाही, ओढून आणलंय.

आता हिशेब कर, गणितात बरा होतास. रोज शंभर उठाबशा, आठवड्याला सहा दिवस, सहाशे झाल्या. सकाळी आंबेनळीच्या रस्त्यावर चढून परत धावत उतरायचं. संध्याकाळी कबड्डी. शाळेच्या खो-खोच्या संघातही तोच, म्हणजे पाटीवर उकिडवा बसून एकदम सुटायचं. आणि रविवारी "दम वाढतो" म्हणून पाचाडहून रायगड. वर हजारावर पायऱ्या, आणि त्या सगळ्या परत उतरायच्या. तुला वाटतं चढण वाईट. उतरण वाईट असते बाबा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो आणि तो सगळा ताण त्या खुंट्यावर येतो. त्यात जूनला घेतलेली पँट पोराला दिवाळीत आखूड झाली, हे त्याच्या आईनं मला सांगितलं. उंची झपाट्यानं वाढते तेव्हाच ही जागा सर्वांत कच्ची असते. नेमक्या त्याच वर्षी तू सराव दुप्पट केलास. मुलींमध्ये हे साधारण आठ ते तेरा वर्षांत दिसतं, मुलांमध्ये दहा ते पंधरात. हा तेरा वर्षांचा आहे. वडिलांना पोलीस भरती दिसते. भरतीला अठरा पूर्ण लागतात. घाई कुणाला आहे? तुझ्या तालुका स्पर्धेच्या ढालीला.

मीही धुतल्या तांदळाची नाही. एकतीस वर्षं शिट्टी वाजवली. सुरुवातीच्या काळात एका मुलीला वर्गाबाहेर गुडघ्यांवर उभं केलं होतं मी. ती रडली, मला वाटलं शरमेनं रडते. तिची टेंगळं मला खूप उशिरा कळली. म्हणून तुला ओरडायचा हक्क मला आहे.

आता त्याच्या धाकट्या भावाकडे बघ. दहा वर्षांचा, सकाळी उठला की चवड्यांवर चालतो आणि तुम्ही सगळे हसता. त्याची टाच दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून दाब. ओरडला ना? दोरी वेगळी, खुंटा वेगळा, पण गोष्ट तीच. पोटरीचा स्नायू टाचेच्या मागच्या कच्च्या तुकड्याला ओढतो. याला सीव्हरचं नाव आहे, 1912 पासून. हे बहुतेकदा दोन्ही टाचांना होतं. अनवाणी, कडक जमिनीवर, सपाट तळाच्या कॅनव्हासमध्ये खेळलं की जास्त. बुटात टाचेखाली अर्धा-पाऊण सेंटीमीटरचा मऊ तुकडा घाल. जुन्या चपलेचं रबर चालेल, पण दोन्ही बुटांत घाल, नाहीतर एक पाय उंच व्हायचा. टाच उचलली की ओढ कमी होते. काही आठवड्यांत उतार पडतो. हाड जुळेपर्यंत, म्हणजे चौदा-पंधरापर्यंत, मधूनमधून परत येऊ शकतं. आणि हो, कुणीतरी त्याच्या वडिलांना एक्स-रे दाखवून "टाचेचं हाड फुटलंय" सांगितलं, दीड महिना प्लॅस्टर घातलं. या वयात टाचेचा तो तुकडा एक्स-रेत पांढराफट्ट आणि तुकड्यातुकड्यांचा दिसतोच, न दुखणाऱ्या टाचेतही. निदान बोटानं होतं, एक्स-रे लागतो तो शंका दुसरी असली तर.

ती दुसरी शंका कधी घ्यायची, हे मात्र पाठ कर. उडी घेताना एकदम कटकन आवाज झाला आणि पोराला पाय सरळच करता येईना, तर खुंटा उपटला. त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, सांधा फुगणं, न खेळताही वाढणारं दुखणं, हे आपलं नाही. आणि गुडघा दुखतो म्हणतो पण गुडघ्याला हात लावून काहीच सापडत नाही, वर तो लंगडतो, तर खुबा तपासायला लाव. पोरांचा खुबा गुडघ्यात दुखतो.

आता ओरडणं पुरे, काम ऐक. खेळ बंद करायचा नाही. "वर्षभर पलंगावर" सांगणारे आणि "दुखलं तरी खेळ" सांगणारे, दोघंही सारखेच चुकतात. पहिले चार आठवडे धावणं, उड्या, उठाबशा, गड, सगळं बंद. सपाटीवर चालणं चालू. पोहता येत असेल तर पोहू दे, पण नदीत एकटं नाही. रोज जमिनीवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्यानं तो खाली दाबायचा, दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा. हिसका नाही, पण स्नायू जागा राहतो. ते सुसह्य झालं की पाचव्या आठवड्यापासून उताणं झोपून कंबर उचलणं, मग भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं. नवव्या आठवड्याच्या सुमाराला हळू धावणं, मग वळणं, मग उड्या. चढाई सगळ्यात शेवटी.

आणि पुढची पायरी चढायची की नाही हे कॅलेंडर ठरवणार नाही, दुखणं ठरवेल. त्याला रोज विचार, शून्य ते दहात किती? दोनपर्यंत चालेल. त्यावर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना लंगडला, तर एक पायरी मागे. खरं सांगितलं म्हणून तू त्याच्यावर खेकसलास, तर तो उद्यापासून शून्यच सांगेल, हे लक्षात ठेव. सामन्याआधी दुखण्याची गोळी देऊन उतरवायचं नाही, गोळी खुंट्याला धरत नाही. सरावानंतर दहा मिनिटं कपड्यात गुंडाळलेला बर्फ चालेल. हाडवैद्याकडून टेंगूळ चोळून घ्यायचं नाही. तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन तर अजिबात नाही, दोर कमजोर होतो.

बारा आठवड्यांत ढाल आणेन असं मनात मांडे खाऊ नकोस. डेन्मार्कमध्ये दहा ते चौदा वर्षांच्या 51 मुलांवर असाच क्रम करून पाहिला. बारा आठवड्यांनी 80 टक्के मुलांनी बरं वाटतंय म्हणून सांगितलं, पण खेळात परतलेली होती फक्त 16 टक्के. वर्षानं ती 69 टक्के झाली. दुखणं आधी उतरतं, खेळ मागून येतो. ज्याला घाई झाली तो परत पहिल्या पायरीवर.

शेवट काय? बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप थांबतं, कारण सोळा-अठराच्या सुमाराला तो तुकडा नडगीशी जुळतो, जमीन वाळून घट्ट होते म्हण ना. टेंगूळ मात्र राहतं. काहींना पुढेही गुडघे टेकले की दुखतं, फरशी बसवणाऱ्याला, पूजेला बसणाऱ्याला. थोड्यांच्या दोरात हाडाचा सुटा कण राहतो, तो काढायचा झालाच तर वाढ संपल्यावर.

उद्यापासून तो पोरगा गुणलेखक. बाकावर बसेल, पाय लांब करून, वही मी देते. चढाया कुणाच्या किती, पकडी किती, आणि प्रत्येकाला उठाबशा किती, सगळं लिहील. उठाबशांशिवाय तुझं भागतच नसेल तर त्या तू काढ. तुझं हाड केव्हाच जुळलंय.