शेतात काय झालं, ते आधी

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीचं पाणी सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळ तालुक्यांतल्या शेतांत शिरलं, तेव्हा अनेकांच्या डोक्यात एकच आकडा होता: ७२ तास. पीक बुडालं की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, हे आधीच्या हंगामांत सगळ्यांनी पाठ केलेलं होतं. त्या खरिपात मात्र हा नियम राज्यात लागूच नव्हता. मे २०२५च्या शासन निर्णयाने एक रुपयातला विमा बंद झाला आणि खरिपातल्या अन्नधान्य आणि तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत ठरला. याच निर्णयाने पेरणी न होणं, गारपीट, शेतात पाणी साचणं, काढणीनंतरचं नुकसान ही संरक्षणं वगळली गेली. उरली ती फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेली भरपाई.

इतका मोठा बदल सांगणारी सूचना कशी असते? पुरानंतर मी अशीच एक सूचना नव्याने लिहायला बसलो. मूळ कागदाची सुरुवात शासन निर्णयाच्या क्रमांकाने होत होती. ‘अधिसूचित क्षेत्रातील अधिसूचित पिकांकरिता’ असं एक वाक्य चार ओळी चाललं होतं, आणि काय वगळलं हे कुठेच नव्हतं. भरपाई कशाची मिळेल एवढंच लिहिलं होतं. ज्याला जुना नियम पाठ आहे, त्याला यातून बदल कळणार नाही.

मी आधी तीन चौकटी केल्या: कोणते धोके, कोणती मुदत, कोणती कागदपत्रं. कागद नीटनेटका दिसू लागला. शेजारच्या शेतकऱ्याने तो वाचून विचारलं, “माझं सोयाबीन पाण्यात आहे. मी यातलं काय करू?” उत्तर तीन चौकटींत विखुरलं होतं आणि जोडायचं काम त्याच्याकडेच राहिलं होतं. चूक तिथे होती. धोका बदलला की मुदत बदलते आणि कागदही बदलतात, म्हणून या तिन्ही गोष्टी वेगळ्या छापता येत नाहीत. मांडणी करायची ती शेतात काय घडलं, त्यानुसार.

मग सूचना अशी झाली:

“खरीप २०२५. हे नियम याच हंगामाचे आहेत.

तुमच्या एकट्याच्या शेतात पाणी शिरलं, गारपीट झाली किंवा काढून ठेवलेलं पीक भिजलं, तर या विम्यातून त्याची वेगळी भरपाई मिळणार नाही. ७२ तासांत कळवण्याचा नियम या हंगामात नाही. तलाठी आणि कृषी सहायक करतात तो पंचनामा सरकारी मदतीसाठी आहे. तो जरूर करून घ्या.

तुमच्या महसूल मंडळात विमा घेतलेल्या पिकाचं सरासरी उत्पादन ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं, तर भरपाई मिळेल. त्यासाठी वेगळा अर्ज नाही.

विमा भरताना लागतं: शेतकरी ओळख क्रमांक, आधार, सातबारा, बँक पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र. दुसऱ्याची जमीन कसत असाल, तर नोंदणीकृत भाडेकरार. ई-पीक पाहणी करा. तिथे नोंदवलेलं आणि विमा घेतलेलं पीक एकच हवं.”

विमा भरायची शेवटची तारीख मी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत घेतली. ती हप्ता भरण्याची तारीख आहे, दाव्याची नाही, हेही तिथेच लिहिलं. नुसतं ‘अंतिम मुदत’ म्हटलं की दोन्ही एकच वाटतात.

‘ठरलेली पातळी’ या शब्दांवर मी बराच वेळ अडलो. सरकारी शब्द उंबरठा उत्पादन. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे ७० टक्क्यांनी, गुणतात. एवढं सूचनेत मावत नाही, उदाहरण मावतं. समजा, मंडळाची पातळी हेक्टरी ८०० किलो आणि कापणी प्रयोगांत सरासरी ६०० किलो आली. तूट २०० किलो, म्हणजे पातळीचा चौथा हिस्सा. विमा रक्कम ५०,००० रुपये असेल, तर हेक्टरी १२,५०० मिळतील. ज्याचं सगळं वाहून गेलं त्यालाही तेवढेच, आणि माळावर ज्याचं पीक वाचलं त्यालाही. मंडळाची सरासरी ८१० किलो आली, तर नदीकाठच्याला काहीच नाही.

हे शेवटचं वाक्य सूचनेत ठेवू नये, लोक विमाच घेणार नाहीत, असं मला सुचवलं गेलं. मी ते ठेवलं. सीनेच्या काठी जमीन असलेल्याने हप्ता भरताना हे जाणूनच भरला पाहिजे. त्याचं शेत एकटं बुडू शकतं, मंडळ मात्र बुडालेलं नसतं.

सूचनेच्या माथ्यावर हंगामाचं नाव लिहिण्याचा आग्रह धरला, कारण नियम हंगामागणिक बदलू शकतात. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने खरीप २०२६पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भाताचं पाण्याखाली जाणं विम्यात घेण्याचं जाहीर केलं, आणि त्यासाठी पुन्हा ७२ तासांची अट सांगितली. पाठ केलेला आकडा परत आला, पण वेगळ्या धोक्यांपुरता. चावडीच्या फळ्यावर गेल्या वर्षीचा कागद तसाच राहिला, तर तो कागद कोऱ्या फळ्यापेक्षा जास्त नुकसान करेल.