घरे नव्हे, रेषा मोजा

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात पंचाहत्तर प्रश्न असतात आणि वेळ नव्वद मिनिटांचा. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 72 सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीत ‘आकृतीत एकूण आयत किती?’ असा प्रश्न आला की माहूर-किनवटच्या शाळेतले मूल काय आणि पुण्यातले काय, पेन्सिलीचे टोक एकेका घरावर टेकवत जाते. सुटी घरे होतात, जोड्या होतात, मग कुठला आयत दोनदा मोजला आणि कुठला सुटला ते कळेनासे होते. यात दोष मुलाच्या एकाग्रतेचा नाही. जे मोजायला नको तेच ते मोजत असते.

आयत ठरतो कशाने? एक डावी बाजू, एक उजवी, एक वरची, एक खालची. जाळीतल्या दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा निवडल्या की त्यांच्यामध्ये एकच आयत तयार होतो. उलट कोणताही आयत दाखवा, त्याच्या चार रेषा ठरलेल्याच असतात. म्हणून आयत मोजणे आणि रेषांच्या जोड्या मोजणे ही एकच गोष्ट आहे. जोड्या मोजणे मात्र फार सोपे असते.

तीन ओळी आणि चार स्तंभांची जाळी घ्या. तिच्यात आडव्या रेषा चार, उभ्या पाच. चारातून दोन निवडण्याच्या रीती 4 × 3 ÷ 2, म्हणजे सहा. पाचातून दोन निवडण्याच्या 5 × 4 ÷ 2, म्हणजे दहा. आडव्या प्रत्येक जोडीबरोबर उभी कोणतीही जोडी चालते, म्हणून आयत साठ. दोनने भागायचे ते एवढ्यासाठी की पहिली-तिसरी आणि तिसरी-पहिली ही जोडी एकच.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. 1150) निवडीची हीच रीत आहे. तिथे प्रश्न सहा रसांचा आहे. त्यांतले दोन-दोन मिसळले तर 6 × 5 ÷ 2, म्हणजे पंधरा प्रकार. रसांच्या जागी रेषा ठेवल्या तरी हिशोब बदलत नाही.

आता बुद्धिबळाचा पट. घरे आठ-आठ, पण रेषा नऊ-नऊ. नऊ रेषांच्या जोड्या 36, म्हणून आयत 36 × 36, म्हणजे 1296. सर्वांत जास्त चूक इथेच होते. घाईत नऊऐवजी आठ रेषा धरल्या तर जोड्या 28 आणि उत्तर 784 येते. ही संख्या नुसती चुकीची नाही, ती सात-सात घरांच्या पटाचे बरोबर उत्तर आहे. ही चूक ओळखायला एका घराची आकृती पुरे. तिच्यात आयत एक असतो, आणि रेषा दोन-दोन धरल्या तरच एक हे उत्तर येते.

या 1296 मध्ये चौरसही आले, कारण चौरस हाही आयतच. फक्त चौरस हवे असतील तर रेषांची निवड मोकळी राहत नाही, कारण दोन्ही जोड्यांमधले अंतर सारखे लागते. म्हणून बाजूच्या मापाने जायचे. एक घर बाजूचे चौरस 8 × 8, दोन घरे बाजूचे 7 × 7, असे करत आठ घरे बाजूचा एक. आठपर्यंतच्या वर्गांची ही बेरीज. तिलाही ‘लीलावती’त नियम आहे: पदाच्या दुपटीत एक मिळवा, तीनने भागा आणि एकपासून पदापर्यंतच्या संख्यांच्या बेरजेने गुणा. 17 ÷ 3 × 36, म्हणजे 204. मग पटावरचे चौरस नसलेले आयत 1092. तीन-चारच्या जाळीत चौरस 12 + 6 + 2, म्हणजे वीस.

त्याच ग्रंथात आणखी एक नियम आहे: एकपासूनच्या संख्यांच्या घनांची बेरीज त्या संख्यांच्या बेरजेच्या वर्गाएवढी असते. आठपर्यंतची बेरीज 36, तिचा वर्ग 1296. तेच आपले आयत. सात-सातच्या पटाला एक ओळ आणि एक स्तंभ जोडला की आयत 784 वरून 1296 होतात. वाढ 512, म्हणजे आठचा घन. पट घराघराने वाढवत नेला की दर पायरीला एका घनाची भर पडते.

या सगळ्याला एक अट आहे. प्रत्येक रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हवी. दोन-दोनच्या जाळीत आयत नऊ. तिच्यातल्या मधल्या उभ्या रेषेचा फक्त वरचा अर्धा भाग पुसा. त्या तुकड्यावर बाजू टेकलेले चार आयत गेले: वरची दोन घरे, आणि डावा व उजवा पूर्ण स्तंभ. उरले पाच. सूत्र मात्र नऊच सांगेल, कारण रेषा कुठे तुटली आहे हे त्याला दिसत नाही. पेपरातल्या आकृत्या पुष्कळदा अशाच तुटक असतात. म्हणून मुलांना सूत्र देण्याआधी प्रत्येक रेषेवरून बोट फिरवायला शिकवावे. बोट मध्ये कुठे अडले नाही तर गुणाकार करावा. अडले तर पूर्ण जाळीचे उत्तर काढून, पुसलेल्या तुकड्यावर बाजू असलेले आयत तेवढे वजा करावेत. यादी तेव्हाही करावी लागते, पण नऊ आयतांची नाही, चारांची.