स्वागताचे दोन शब्द

बमरोलीत मागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. इथली एक विद्यार्थिनी कॉलेजच्या 'संगीत आणि समाज' या परिसंवादाचं स्वागतभाषण घोकत होती. पानभर नुसती मान्यवरांची नावं! मी तिला म्हटलं, "अगं, १९१६ साली आपल्या बडोद्यात काय झालं, ते सांग."

सयाजीरावांच्या आश्रयाने तिथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे होते भातखंडे, व्यवसायाने वकील. घराण्यांत बंद असलेल्या चिजा त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या होत्या. परिषदेत गवई आणि अभ्यासक समोरासमोर बसले. देवल आणि क्लेमेंट्स यांची श्रुतींची पेटीही वादात आली. गणिताने ठरवलेले स्वर आणि गळ्यातून निघणारे स्वर जुळतात का, हा तो वाद. माझं मत विचाराल, तर गळाच खरा.

पण तिथे जात्यावर गाणारी बाई नव्हती. हे ऐकून त्या मुलीने नावं खोडली आणि लिहिलं, "पहिल्या रांगेत माझी आजी बसली आहे. आधी ती अहिराणीत गाईल, मग आपण बोलू."